बेरीज जुळली म्हणून बिल बरोबर ठरत नाही

घाऊक व्यापाऱ्याचा टेम्पो दुकानासमोर येतो, पेट्या उतरतात, चालक बिलाची प्रत पुढे करतो आणि दुकानदार मोबाइलवर तिचा फोटो काढून हिशेब बघणाऱ्याला पाठवतो. छोट्या व्यापाराचा जीएसटी आज बराचसा या फोटोंवर चालतो. फोटो पोहोचला की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट बघितली जाते, ती म्हणजे खालची रक्कम. ती मालाच्या किमतीशी आणि कराशी जुळली की बिल नोंदलं जातं.

माझं म्हणणं असं आहे की बिलावरची बेरीज हा बरोबरपणाचा सर्वात कमकुवत पुरावा आहे. बहुतेक बिलं आज संगणकावर होतात आणि संगणक बेरजेत चुकत नाही. चुकतो तो दर, कारण तो कोणीतरी माणसाने एकदा भरून ठेवलेला असतो. चुकते ती कराची विभागणी, कारण गिऱ्हाईक कोणत्या राज्यातलं आहे हेही माणसानेच भरलेलं असतं. या दोन्ही चुका झाल्या तरी खालची बेरीज बिनचूक जुळते. म्हणून फोटोतलं बिल तपासण्याचे जे मार्ग आज हाताशी आहेत, त्यांतला प्रत्येक नेमकं काय पकडतो आणि काय सोडून देतो, हे एकदा नीट बघायला हवं.

सुरुवात फोटोपासूनच करावी लागते, कारण बिल चुकलंय की आपण ते चुकीचं वाचलंय हा पहिला प्रश्न असतो. घडी पडलेल्या जागी ६ चा ८ दिसतो, कार्बन प्रतीवर ३ आणि ८ यांत फरक उरत नाही, थर्मल कागदावर छापलेलं बिल काही महिन्यांत फिकट होतं आणि दशांश चिन्ह तर सर्वात आधी नाहीसं होतं. माल मिळाल्याचा शिक्का नेमका एकूण रकमेवर मारायची आपल्याकडे पद्धतच आहे. उजव्या कडेचा कराचा रकाना फोटोबाहेर राहणं, दोन पानी बिलाचं पहिलंच पान पाठवणं, हेही नेहमीचं. त्यामुळे शिक्का मारण्याआधी, बिल सपाट ठेवून, चारही कडा दिसतील असा फोटो घ्यावा आणि दराच्या रकान्याचा एक वेगळा जवळून घ्यावा. व्हॉट्सॲपवर नुसता फोटो म्हणून पाठवला तर तो आकुंचित होऊन जातो आणि बारीक आकडे पुसट होतात. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोहोचतो.

इतकं करूनही एखादा आकडा शंकास्पद राहतोच. तिथे जीएसटी बिलाची रचना आपल्या मदतीला येते. या बिलावर एकच माहिती चार-पाच वेगवेगळ्या रूपांत लिहिलेली असते. नग गुणिले भाव म्हणजे रक्कम, रकमेतून सूट वजा केली की करपात्र किंमत, तिच्यावर दर लावला की कर, करपात्र किमती आणि कर मिळून एकूण, आणि तीच एकूण रक्कम पुन्हा अक्षरांत. बऱ्याच बिलांवर खाली एचएसएननिहाय गोषवाराही असतो, तिथे तेच आकडे दराप्रमाणे एकत्र केलेले असतात. आकडा एका जागी पुसट असेल तर बाकीच्या जागा त्याची साक्ष देतात.

विक्रेत्याच्या जीएसटी क्रमांकालाही हीच सोय आहे. पंधरा अक्षरी क्रमांकातले पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची. पॅनमध्ये आधी पाच अक्षरं, मग चार अंक, मग एक अक्षर असं ठरलेलं आहे. त्यामुळे आठव्या ते अकराव्या जागेवर इंग्रजी ओ दिसला तर तो शून्यच असणार. शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेलं असतं, म्हणून एखादं अक्षर चुकीचं वाचलं तर जीएसटी पोर्टल तो क्रमांक सहसा ओळखतच नाही. पोर्टलवर `Search Taxpayer` या जागी, लॉगिन न करता, क्रमांक टाकून बघता येतो. तिथे नावाबरोबर नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे आणि व्यापारी नियमित आहे की कंपोझिशनमध्ये, हेही दिसतं. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. कंपोझिशनमधल्या व्यापाऱ्याला गिऱ्हाइकाकडून कर गोळा करण्याचा अधिकार नाही. त्याने करबिल नव्हे तर ‘बिल ऑफ सप्लाय’ द्यायचं असतं आणि त्यावर कराचा रकानाच नसावा. तो असेल, तर पुढचं गणित तपासण्यात अर्थ नाही, बिलच परत पाठवायचं.

आता एक बिल सविस्तर पाहू. आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण अशी बिलं २०२५ च्या दिवाळीत कितीतरी दुकानांत आली. सावंतवाडीतलं एक किराणा-जनरल दुकान, कोल्हापूरचा घाऊक व्यापारी, बिलाची तारीख १० ऑक्टोबर २०२५. बिलावर तीन ओळी आहेत. पहिली, अंगाच्या साबणाच्या वड्या, १० पेट्या, भाव १,८४०, रक्कम १८,४००, दोन टक्के सूट ३६८ रुपये, करपात्र किंमत १८,०३२, दर ५ टक्के, कर ९०१.६०. दुसरी, कपडे धुण्याची पावडर, ६ पोती, भाव १,४५०, रक्कम ८,७००, दर १८ टक्के, कर १,५६६. तिसरी, बिस्किटं, १५ खोकी, भाव ६४०, रक्कम ९,६००, दर १८ टक्के, कर १,७२८. खाली करपात्र एकूण ३६,३३२, सीजीएसटी २,०९७.८०, एसजीएसटी २,०९७.८०, राउंड ऑफ ४० पैसे, एकूण ४०,५२८ रुपये.

समजा फोटोत बिस्किटांच्या ओळीवर घडी पडली आहे आणि रक्कम ९,६०० आहे की ९,८०० हे कळत नाही. त्याच ओळीतला सीजीएसटी मात्र ८६४ असा स्वच्छ दिसतो. ८६४ ला ९,६०० ने भागलं तर बरोबर ९ टक्के येतात. ९,८०० ने भागलं तर ८.८२ टक्के येतात, आणि असा दर कायद्यात कुठेच नाही. शिवाय पंधरा गुणिले ६४० म्हणजे ९,६००. दोन साक्षी मिळाल्या, वाचन पक्कं झालं. कर भागिले करपात्र किंमत हा उलटा भागाकार मला सर्व तपासण्यांत सर्वात कामाचा वाटतो. ज्यांच्याकडे महिन्याला शे-दीडशे बिलं येतात त्यांनी तो स्प्रेडशीटमध्ये कायमचा बसवून ठेवावा. डी रकान्यात करपात्र किंमत आणि ई रकान्यात छापलेला सीजीएसटी असेल तर सूत्र इतकंच आहे:

```
=ROUND(E2/D2*100,2)
```

उत्तर २.५, ९ किंवा २० यांपैकी यायला हवं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ५, १८ आणि ४० हे तीनच मुख्य दर राहिले आहेत आणि राज्यातल्या राज्यातल्या बिलावर त्यांची निम्मी निम्मी विभागणी छापली जाते. सोन्यासारख्या मालाचा ३ टक्क्यांचा वेगळा दर आहे आणि मातीच्या विटांसारखे थोडे अपवाद आहेत, पण किराणा, जनरल किंवा हार्डवेअरच्या दुकानात या तिघांपलीकडचा दर क्वचितच येतो. भागाकार ६ किंवा १४ आला तर बिल जुन्या १२ किंवा २८ टक्क्यांचं आहे. भलताच अपूर्णांक आला तर एक तर वाचन चुकलंय किंवा करपात्र किंमत नीट काढलेली नाही.

सावंतवाडीच्या बिलात मात्र तिन्ही ओळींचे भागाकार कायदेशीर दरांवरच येतात. अडीच, नऊ, नऊ. गुणाकार बरोबर, बेरीज बरोबर, राउंड ऑफ बरोबर. आणि तरीही बिल १,२४८ रुपयांनी चुकलं आहे.

चूक बिस्किटांच्या दरात आहे. ३ सप्टेंबर २०२५ ला झालेल्या जीएसटी परिषदेच्या ५६ व्या बैठकीत बिस्किटांचा दर १८ वरून ५ टक्क्यांवर आला आणि तो २२ सप्टेंबरपासून लागू झाला. घाऊक व्यापाऱ्याच्या संगणकात वस्तूंची यादी असते आणि प्रत्येक वस्तूसमोर दर लिहिलेला असतो. त्याच्या माणसाने साबणाचा दर बदलला, बिस्किटांचा राहून गेला. ९,६०० वर ५ टक्के म्हणजे ४८० रुपये कर व्हायला हवा होता, झाला १,७२८. बरोबर हिशेबाने एकूण कर २,९४७.६० आणि बिल ३९,२८० रुपयांचं. कॅल्क्युलेटर कितीही वेळा चालवला तरी ही चूक सापडत नाही, कारण १८ टक्के हाही खरा दर आहे, फक्त बिस्किटांचा नाही.

दर तपासायचा तर तीन गोष्टी एकत्र वाचाव्या लागतात: वस्तूचं वर्णन, एचएसएन क्रमांक आणि बिलाची तारीख. एकट्या एचएसएनवर विसंबणं धोक्याचं आहे, कारण एकाच चार अंकी क्रमांकाखाली दोन दर असू शकतात. याच बिलातला साबण घ्या. ३४०१ खाली अंगाच्या साबणाची वडी येते आणि तिचा दर ५ टक्के झाला, पण त्याच ३४०१ खाली येणारा हात धुण्याचा द्रव साबण १८ टक्क्यांवरच राहिला. कपड्यांची पावडर ३४०२ मध्ये, तीही १८ वर. टूथपेस्ट ५ वर आली, माउथवॉश १८ वर आहे. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हा सगळा एकाच फळीवरचा माल, म्हणून विक्रेत्याच्या माणसाने अख्ख्या गटाला एकच दर लावला असं सर्रास घडतं. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याने दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलेल्या बिलावर एचएसएनचे चारच अंक लिहिणं पुरेसं असतं, त्यामुळे छोट्या घाऊकवाल्याच्या बिलावर वर्णन वाचण्यावाचून गत्यंतर नाही.

तांदूळ-डाळींच्या बाबतीत तर वर्णनही पुरत नाही, वजन बघावं लागतं. १८ जुलै २०२२ पासून पॅक करून लेबल लावलेल्या धान्यावर ५ टक्के कर आहे, पण तो पंचवीस किलोपर्यंतच्या पिशवीला. तीस किलोच्या पोत्यावर कर लावून आलेलं बिल दिसलं तर ते थांबवायलाच हवं.

खात्री करायची मूळ जागा म्हणजे अधिसूचना. सध्याचे मालाचे दर १७ सप्टेंबर २०२५ च्या केंद्रीय कर (दर) अधिसूचना क्रमांक ९ मध्ये आहेत. ती वाचताना एक ध्यानात ठेवावं, तिच्यात छापलेले दर फक्त केंद्राच्या हिश्श्याचे आहेत. म्हणजे ९ टक्के लिहिलं असेल तर एकूण दर १८. बिलावरच्या अर्ध्या दराच्या रकान्याशी ते थेट पडताळता येतात, पण नव्या माणसाला ९ टक्के हाच पूर्ण दर वाटतो आणि तो विनाकारण घाऊकवाल्याशी वाद घालून येतो. छोट्या दुकानदाराला मी सुचवेन की अख्खी अधिसूचना वाचत बसू नये. आपल्या दुकानात फिरणाऱ्या साठ-सत्तर वस्तूंची यादी करावी, प्रत्येकीसमोर दर आणि तो कोणत्या तारखेपासून आहे हे लिहावं आणि कर सल्लागाराकडून ती एकदा तपासून घ्यावी. दर बदलले की तेवढ्याच ओळी बदलायच्या.

तारखेचा प्रश्न दरबदलाच्या काळात नाजूक होतो. माल आणि बिल दोन्ही २२ सप्टेंबरनंतरचे असतील तर दर नवाच, यात वाद नाही. माल आधी, बिल नंतर अशी अर्धवट प्रकरणं सल्लागारापुढे ठेवावीत. पण एक प्रसंग दुकानदाराने स्वतः ओळखायला हवा. ऑगस्टमध्ये १८ टक्क्यांनी घेतलेली बिस्किटं खराब निघाली आणि नोव्हेंबरमध्ये परत केली, तर क्रेडिट नोट १८ टक्क्यांचीच येते. जुन्या विक्रीची दुरुस्ती जुन्याच दराने होते. अशा क्रेडिट नोटवर १८ दिसलं म्हणून ती चुकीची समजू नये.

करपात्र किंमत कशी काढली हेही याच टप्प्यावर बघून घ्यावं. दोन ठिकाणी ती बिघडते. बिलावरच दाखवलेली सूट कर लावण्याआधी वजा व्हायला हवी. साबणाच्या ओळीत कर १८,४०० वर लावला असता तर तो ९२० आला असता, १८.४० रुपये जास्त, आणि उलटा भागाकार ५ ऐवजी ५.१ टक्के दाखवून चूक उघडी पाडतो. दुसरं ठिकाण भाडं आणि हमालीचं. विक्रेत्याने ती बिलात लावली असेल तर कायद्याने ती मालाच्या किमतीचाच भाग आहे आणि तिच्यावर मालाचाच दर लागतो. १८ टक्क्यांच्या १०,००० रुपयांच्या मालावर ५०० रुपये भाडं असेल तर कर १,८९० होतो. बिलाच्या तळाशी, कराच्या खाली, ५०० रुपये तसेच मिळवलेले दिसले तर ते बिल चुकीचं आहे. मिश्र दरांच्या बिलात भाडं मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटण्याची रीत आहे.

आता विभागणीकडे येतो. सावंतवाडीचा दुकानदार यासाठी चांगलं उदाहरण आहे, कारण त्याचा माल कोल्हापूरहून येतो, बेळगावहून येतो आणि म्हापशाहूनही येतो. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याचा क्रमांक २७ ने सुरू होतो, बेळगावच्या २९ ने, म्हापशाच्या ३० ने. त्याचा स्वतःचा २७. दोन्ही क्रमांकांचे पहिले दोन अंक सारखे असतील आणि मालही त्याच राज्यात पोहोचत असेल तर कर निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. वेगळे असतील तर एकच आयजीएसटी. एरवी इतकं सोपं आहे.

गडबड होते ती म्हापशाला. दुकानदार स्वतःचा टेम्पो घेऊन जातो, तिथल्या गोदामातून १२,००० रुपयांचा १८ टक्क्यांचा माल भरतो आणि विक्रेता स्थानिक गिऱ्हाईक समजून सीजीएसटी १,०८०, एसजीएसटी १,०८० असं बिल फाडतो. एकूण १४,१६०. आयजीएसटी लावला असता तर तो २,१६० आणि एकूण पुन्हा १४,१६०. रुपयाचाही फरक नाही. पण पहिल्या बिलावरचा एसजीएसटी गोव्याचा आहे. महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या दुकानदाराला त्याचा उपयोग नाही आणि त्या बिलाचा केंद्राचा हिस्साही मिळत नाही. जीएसटीआर-२बी मध्ये ते बिल आलं तरी क्रेडिट उपलब्ध नसलेल्या भागात जाऊन बसतं, कारण विक्रेता आणि पुरवठ्याचं ठिकाण एका राज्यात आणि घेणारा दुसऱ्या, असा मेळ तिथे बसतो. २,१६० रुपये गेले.

कायदा या बाबतीत दुकानदाराच्या बाजूने आहे. मालाची वाहतूक विक्रेत्याने केली काय, घेणाऱ्याने केली काय, ती जिथे संपते ते पुरवठ्याचं ठिकाण, असं एकात्मिक जीएसटी कायद्याचं कलम १० सांगतं. म्हणून स्वतःच्या टेम्पोतून आणायचं असलं तरी माल भरण्याआधी आपला क्रमांक आणि माल सावंतवाडीला जाणार आहे हे सांगावं, आणि बिलावर पुरवठ्याचं ठिकाण म्हणून महाराष्ट्र लिहिलेलं आहे का ते तिथेच बघावं. परराज्यातल्या बिलावर हे नाव लिहिणं नियमानेच बंधनकारक आहे. क्रमांक न देता काउंटरवर घेतलेल्या मालाचं बिल गोव्याच्या कराचं येणार आणि त्याचं क्रेडिट मागता येणार नाही. एका शहरातून बिल आणि दुसऱ्या राज्यातून माल असे त्रिकोणी व्यवहार असतील, तर माल कुठून निघाला एवढ्यावरून कर ठरत नाही. ज्याच्या सांगण्यावरून माल गेला त्याचं ठिकाण बघावं लागतं.

शेवटी बेरीज. तिच्यावर फार वेळ घालवायची गरज नाही. सीजीएसटी आणि एसजीएसटी पैशापर्यंत सारखे असले पाहिजेत, नसतील तर एक आकडा चुकीचा वाचला आहे. प्रत्येक ओळीवर कर पैशात पूर्ण करताना अर्धा पैसा इकडेतिकडे होतो, त्यामुळे वीस ओळींच्या बिलात पाच-दहा पैशांचा फरक निघाला तर सोडून द्यावा. राउंड ऑफ पन्नास पैशांपेक्षा जास्त असू नये. तो दोन-तीन रुपयांचा दिसला तर त्या जागी काहीतरी दडवलं गेलं आहे. आणि भाव करासहित असेल तर कर काढायची रीत बदलते. १,१८० रुपयांच्या करासहित भावात १८ टक्के कर १८० रुपये असतो. १,१८० चे १८ टक्के म्हणजे २१२.४० रुपये काढणं ही हाताने लिहिलेल्या बिलांवरची जुनी चूक आहे.

यंत्रांचा आणि सरकारी सोयींचा विचार इथे करायला हवा, कारण अनेकांची समजूत आहे की त्या असताना हे सगळं हाताने कशाला करायचं. फोटोतला मजकूर वाचून आकडे रकान्यांत भरणारी ॲप आज स्वस्तात मिळतात. टंकलेखनाचा वेळ त्यांनी वाचतो, पण पुसट आकडा ती तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचा भरतात. त्यांनी भरलेल्या आकड्यांवर वरचा उलटा भागाकार चालवला तरच त्यांचा भरवसा धरावा.

पाच कोटींवर उलाढाल असलेल्या विक्रेत्याला १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे आणि अशा बिलावर एक क्यूआर कोड असतो. सरकारी ॲपने तो वाचला की विक्रेत्याचा आणि घेणाऱ्याचा क्रमांक, बिलाचा क्रमांक आणि तारीख, एकूण रक्कम, ओळींची संख्या आणि मुख्य वस्तूचा एचएसएन दिसतो. बिल खरं आहे आणि एकूण रक्कम कोणी बदललेली नाही, हे त्यातून पक्कं कळतं. पण त्या कोडमध्ये कराचा दर नसतो आणि विभागणीही नसते. बिस्किटांची चूक किंवा म्हापशाची चूक तो पकडू शकत नाही. पैसे पाठवण्यासाठी छापलेला यूपीआयचा कोड वेगळा, त्याचा पडताळणीशी काही संबंध नाही.

सर्वात जास्त विसंबलं जातं ते जीएसटीआर-२बी वर. ते दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं आणि विक्रेत्याने आपल्या विवरणपत्रात दाखवलेली बिलं त्यात येतात. क्रेडिट मिळायला बिल तिथे असणं आवश्यकच आहे. पण ते जुळलं याचा अर्थ इतकाच की विक्रेत्याने तुम्हाला जे सांगितलं तेच सरकारला सांगितलं. विवरणपत्रात वस्तूचं नाव प्रत्येक बिलासमोर जात नाही, करपात्र किंमत आणि कर जातो. सावंतवाडीचं बिल तिथे ४०,५२८ रुपयांचं आणि ४,१९५.६० करासह अगदी नीट जुळेल.

‘क्रेडिट तर मिळणारच आहे’ हे उत्तर इथे ऐकू येतं. नियमित व्यापाऱ्याला ते अर्धंच लागू पडतं. बिस्किटं त्याने १०,५०० ला विकली तर ५ टक्क्यांनी ५२५ रुपये कर जमा होईल आणि १,२०३ रुपये क्रेडिटमध्ये उरतील. १८ टक्क्यांचा माल भरपूर विकत असेल तर ते वापरले जातील, नाहीतर ती रोकड पडून राहील. कंपोझिशनमधल्या दुकानदाराला तर क्रेडिटच नाही. तो उलाढालीवर १ टक्का कर स्वतः भरतो, त्यामुळे जास्तीचे १,२४८ रुपये सरळ त्याच्या नफ्यातून जातात. बिल तपासण्याची गरज त्यालाच सर्वात जास्त आणि तोच ते सर्वात कमी तपासतो, याचं मला वाईट वाटतं.

चूक सापडल्यावर बिलावर पेनने खाडाखोड करू नये. विक्रेत्याचं मासिक विवरणपत्र पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जातं. त्याआधी फोटो आणि हिशेब पाठवून दुरुस्ती मागितली तर काम सोपं असतं. त्यानंतर रीतसर क्रेडिट नोट घ्यावी लागते आणि तिची शेवटची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरची, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं गेलं तर त्या तारखेची. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर बिल स्वीकारणं, नाकारणं किंवा प्रलंबित ठेवणं यांची सोय आहे. काहीच केलं नाही तर ते स्वीकारलं असं धरलं जातं. ‘पुढच्या बिलात १,२४८ कमी करतो’ हे तोंडी आश्वासन घेऊ नये. त्याने पैसे मिळतील, पण कराचा हिशेब दोघांच्याही वह्यांत चुकलेलाच राहील. विक्रेत्यालाही हे पटवता येतं, कारण कर म्हणून घेतलेली रक्कम त्याला सरकारात भरावीच लागते. जास्त कर लावून त्याच्या पदरात काहीच पडत नाही.

कागद फेकू नये. वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून बहात्तर महिने हिशेबाची कागदपत्रं ठेवावी लागतात आणि थर्मल बिल इतकं टिकत नाही, म्हणून चांगला फोटो हा त्याचा खरा आधार आहे.

दुकानदारांना माझी विनंती एवढीच आहे. उद्या टेम्पो आला की बिलाची खालची रक्कम बघण्याआधी दराचा रकाना वरून खाली वाचा, मग दोन्ही जीएसटी क्रमांकांचे पहिले दोन अंक आणि पुरवठ्याचं ठिकाण बघा, आणि शंका असेल तर चालक दारात उभा असतानाच विक्रेत्याला फोन करा.